बंद न झालेला टॅग आणि घाईचं निदान

संस्थेची, दुकानाची किंवा वाचनालयाची वेबसाइट सांभाळणारा माणूस बहुधा प्रोग्रामर नसतो. थीम कुणीतरी बसवून दिलेली असते आणि मजकूर बदलायचं काम याच्या गळ्यात पडलेलं असतं. एक दिवस पान विस्कटतं. मग तो कोडमधल्या आठ-दहा ओळी कॉपी करून ओळखीतल्या एखाद्या जाणकाराला पाठवतो आणि विचारतो, "यात काय चुकलंय?" जाणकार ओळींवरून नजर फिरवतो आणि मिनिटभरात उत्तर देतो, "टॅग बंद केलेला नाहीये."

हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी चूक. पुष्कळदा ते बरोबर असतं, पण ज्या तक्रारीसाठी ओळी पाठवल्या तिच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. आठ-दहा ओळींवरून नेमकं किती ठामपणे बोलता येतं, हे त्यामुळे समजून घेण्यासारखं आहे.

आधी थोडी ओळख. वेबपान एचटीएमएलमध्ये लिहिलेलं असतं. मजकुराभोवती खुणा घालायच्या आणि ब्राउझरला सांगायचं की इथून परिच्छेद सुरू, इथे संपला. इथून चौकट सुरू, इथे संपली. या खुणा म्हणजे टॅग. `<p>` म्हणजे परिच्छेद उघडला, `</p>` म्हणजे मिटला. `<div>` ही कुठल्याही कामाला चालणारी चौकट. एका चौकटीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा त्या एकमेकींच्या पोटात बसतात आणि पानाची सगळी मांडणी त्यावर उभी राहते. ब्राउझर कोड वरून खाली वाचत जातो आणि कोणकोणते टॅग उघडे आहेत ते ताटांच्या चळतीसारखं एकावर एक रचत नेतो. `</div>` आला की चळतीत सगळ्यात वर असलेला `div` मिटतो. तो `</div>` नक्की कोणासाठी लिहिला होता हे ब्राउझरला कळायला मार्ग नाही, कारण मिटणाऱ्या टॅगवर नाव नसतं. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आता एक तुकडा घेऊ. समजा, एका वाचनालयाच्या पानावर पुस्तकांची यादी आहे. प्रत्येक पुस्तकाला एक चौकट आणि पानावर एका ओळीत तीन चौकटी. सचिवांची तक्रार अशी की रणांगणची चौकट कोसलाच्या चौकटीत घुसली आहे, आणि पानाच्या तळाशी असणारा पत्ता-फोनचा पट्टा, म्हणजे फूटर, उचलून वर उजवीकडे गेला आहे. त्यांनी पाठवलेल्या ओळी अशा:

```html
<div class="yadi">
  <div class="pustak">
    <h3>कोसला</h3>
    <p>कपाट ४, खण २
  <div class="pustak">
    <h3>रणांगण</h3>
    <p>कपाट ४, खण ३
  </div>
</div>
```

पहिल्या नजरेला काय खुपतं? दोन्ही `<p>` उघडे आहेत. `</p>` कुठेच नाही. नवशिक्याला आणि घाईतल्या जाणकारालाही हीच चूक आधी दिसते, आणि ती चूकच नाही. एचटीएमएलच्या नियमांत काही टॅग न मिटवण्याची रीतसर मुभा आहे. परिच्छेद, यादीतली ओळ म्हणजे `<li>`, तक्त्यातला खण म्हणजे `<td>`, असे बरेच. परिच्छेद उघडा असताना `<div>` आला तर ब्राउझर परिच्छेद आपणहून मिटवतो. बाहेरची चौकट मिटली तरीही मिटवतो. वरच्या तुकड्यात पहिला `<p>` पहिल्या कारणाने मिटतो, दुसरा `<p>` दुसऱ्या. दोन्ही नियमात बसतात. `<br>` आणि `<img>` यांची तर गोष्टच वेगळी, त्यांना मिटणारा टॅग नसतोच. तेव्हा "उघडलेलं दिसतंय, मिटलेलं दिसत नाही" एवढ्या भांडवलावर काही सिद्ध होत नाही. आधी टॅग कोणता, ते बघावं लागतं.

`div`ला मात्र ही मुभा नाही. मोजू. उघडणारे तीन, मिटणारे दोन. एक कमी आहे. हे तुकड्याबाबतचं पहिलं पक्कं विधान, आणि ते फक्त या तुकड्याबाबत आहे. पूर्ण पानात एक कमी आहे की नाही हे यावरून कळत नाही. कमी असलेला `</div>` दहाव्या ओळीवर असेल आणि सचिवांच्या माउसने नवव्या ओळीशी कॉपी थांबवली असेल. किंवा तो वेगळ्याच फाइलमध्ये असेल. वर्डप्रेसच्या बऱ्याच थीममध्ये header.php या फाइलमध्ये उघडलेली मोठी चौकट footer.php मध्ये जाऊन मिटते. त्यातली एकच फाइल उघडून बघितली तर प्रत्येक वेळी "टॅग बंद नाही" असंच दिसणार, आणि ते पान वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललेलं असणार.

मग या ओळींवरून ठाम काहीच सांगता येत नाही का? येतं. ब्राउझर वरून खाली वाचतो आणि पुढे काय येणार हे बघून मागचं ठरवत नाही. पाचव्या ओळीवर दुसरी चौकट उघडली तेव्हा पहिली उघडीच होती. म्हणजे रणांगणची चौकट कोसलाच्या चौकटीच्या पोटात गेली. ते पाचव्या ओळीवरच ठरून गेलं. दहाव्या ओळीवर एक `</div>` असो, पाच असोत किंवा एकही नसो, त्यात आता फरक पडत नाही. तुकड्याच्या मधोमध जे घडलं ते तुकडा कुठे कापला यावर अवलंबून नसतं. कापलेल्या कडेवर जे लोंबकळतं आहे, म्हणजे सगळ्यात बाहेरची चौकट मिटली की नाही, ते मात्र पुढच्या ओळींवर अवलंबून असतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही आहे: मधलं पक्कं, कडेचं कच्चं.

सचिवांची पहिली तक्रार त्यामुळे या तुकड्यावरूनच निकालात निघते. चौथ्या आणि पाचव्या ओळींच्या मध्ये `</div>` हवा होता. "हवा होता" हे शब्द मात्र जपून वापरायचे. रणांगण कोसलाच्या आत आहे हे सत्य. ते आत नको होतं हा अंदाज. अंदाज बळकट आहे, कारण दोन्ही चौकटींचं नाव `pustak` असंच आहे, दोन्हींच्या आधी सारखीच दोन मोकळ्या जागांची खोली सोडली आहे, आणि तक्रारही तीच आहे. पण ओळींची ही खोली ब्राउझरच्या खिजगणतीत नसते. ती लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्यासाठी सोडलेली असते. हेच `div` एखाद्या लेखावरच्या प्रतिक्रिया आणि त्यांना आलेली उत्तरं दाखवणारे असते, तर एका चौकटीत तशीच दुसरी असणं हाच मूळ बेत असू शकला असता.

दुसऱ्या तक्रारीकडे वळू, फूटर उजवीकडे का गेला. पुष्कळ जण इथे फसतात. तर्क सरळ वाटतो: दोन `</div>`पैकी पहिल्याने रणांगण मिटलं, दुसऱ्याने कोसला मिटलं, `yadi` उघडीच राहिली. मग खाली येणारा फूटरही `yadi`च्या पोटात गेला. एका ओळीत तीन घरं. पहिल्या घरात कोसला आणि त्याच्या आत रणांगण, दुसरं घर मोकळं, तिथे फूटर जाऊन बसला. अगदी पटण्यासारखं.

पण तुकडा आणि फूटर यांच्यामध्ये काय आहे? समजा, पानाचा मुख्य भाग `<main>` या टॅगमध्ये आहे आणि यादीनंतर `</main>` येतो. या टॅगवर नाव आहे. `</main>` वाचला की ब्राउझर चळतीत खाली `main` शोधतो आणि त्याच्यावर जे काही उघडं पडलं असेल ते सगळं मिटवत त्याच्यापर्यंत येतो. त्यात आपली `yadi`ही मिटते. फूटर सुखरूप राहतो. तसं असेल तर फूटर सरकण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल, आणि टॅग दुरुस्त करूनही फूटर हलणार नाही. याउलट पानात `main`, `section` असं काही नसून सगळीकडे नुसते `div`च असतील, तर वरचा तर्क बरोबर ठरण्याची शक्यता पुष्कळ. एकाच तुकड्यावरून पहिल्या तक्रारीचं उत्तर ठामपणे देता येतं आणि दुसरीचं देता येत नाही. दोन्ही तक्रारी एकाच वेळी आल्या म्हणून त्यांचं कारण एकच, असं धरून चालणं धोक्याचं.

शिवाय हे घर, तीन चौकटींची ओळ, चौकटीची किनार, यांपैकी काहीही तुकड्यात लिहिलेलं नाही. ते सीएसएसमध्ये असतं, वेगळ्या फाइलमध्ये. `pustak`ला किनार, रंग, आतलं अंतर काहीच दिलेलं नसतं तर एक चौकट दुसरीत घुसली आहे हे कुणाला कळलंही नसतं. चूक तीच, पण डोळ्यांना दिसलं नसतं. सचिवांनी स्क्रीनचा फोटो न पाठवता नुसत्या ओळी पाठवल्या असत्या, तर पान कसं दिसत असेल हे त्यांवरून सांगायला जाणं म्हणजे हवेत तीर मारणंच.

आता दुरुस्ती. घाईतला सल्ला ठरलेला असतो: "शेवटी एक `</div>` टाकून बघ." टाकला. मोजणी जुळली, तीनाला तीन. फूटर `yadi`च्या पोटात गेला म्हणूनच सरकला असेल, तर तो जागेवरही येईल. तपासणी करणाऱ्या साधनाला कोड दिला तर तेही गप्प बसेल, कारण `div`मध्ये `div` असण्यात नियमभंग काहीच नाही. पण रणांगण अजून कोसलाच्या आतच आहे. मोजणी जुळणं आणि मांडणी बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठेतरी `</div>` वाढवून तात्पुरतं भागवलेली पानं पुढे हात लावायला फार वाईट. काही महिन्यांनी कुणीतरी मधली खरी चूक दुरुस्त करतं आणि मग तळाचा जास्तीचा `</div>` भलतीच चौकट मिटवून टाकतो.

तपासणीच्या साधनाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. validator.w3.org वर पूर्ण पान तपासायला दिलं तर ते मोफत तपासून मिळतं आणि ते साधन खरोखर चांगलं आहे. मूळ चूक तशीच असलेलं, `main` नसलेलं आपलं पान त्याला दिलं, तर ते दोन ओळी म्हणेल:

```text
End tag for “body” seen, but there were unclosed elements.
Unclosed element “div”.
```

आणि बोट दाखवेल पहिल्या ओळीकडे, `yadi`कडे. `yadi` बिचारी निर्दोष आहे. चळतीचा हिशेब पुन्हा आठवा: कोसलाच्या चौकटीने `yadi`चा `</div>` वापरला आणि शेवटी उघडी उरली ती `yadi`. साधन खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी उघडी राहिलेली चौकट तीच आहे. चूक मात्र त्या ओळीच्या खाली, आतल्या कुठल्या तरी चौकटीत आहे. म्हणून दाखवलेल्या ओळीपासून खाली एकेक जोडी जुळवत जायचं. जिथे जोडी पहिल्यांदा तुटते तिथे चूक. काही लिहिणारे मिटणाऱ्या प्रत्येक टॅगपुढे `<!-- pustak -->` अशी शेलकी टीप ठेवतात. ब्राउझरला तिचा उपयोग शून्य, पण शोधणाऱ्याचा जीव वाचतो.

इतक्या चुका पोटात घालून ब्राउझर पान दाखवतोच कसा, असा प्रश्न पडू शकतो. सुरुवातीपासून ब्राउझरांचं धोरण हेच राहिलं: जमेल तसं दाखवा, वाचणाऱ्याला अडवू नका. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ प्रत्येक ब्राउझरची डागडुजीची पद्धत वेगळी होती. एकच मोडका तुकडा एकात नीट दिसायचा आणि दुसऱ्यात विस्कटायचा. एचटीएमएल ५ तयार करणाऱ्यांनी चुकीचा कोड कसा वाचायचा याचेही नियम पायरीपायरीने लिहून काढले. फायरफॉक्सच्या ४ क्रमांकाच्या आवृत्तीत, 2011 साली, या नियमांवर बांधलेला वाचक आला. बाकीचे प्रमुख ब्राउझरही त्या वाटेने गेले. आज तुकडा बघून "रणांगण आतच जाणार" असं छातीठोकपणे म्हणता येतं ते या नियमांमुळे. जुन्या काळात त्याआधी विचारावं लागलं असतं, "कुठल्या ब्राउझरमध्ये?"

या नियमांचा एक गमतीचा भाग म्हणजे सगळे टॅग उघडे राहिल्यावर सारखे वागत नाहीत. `<p>` मध्ये `<span>` उघडा राहिला तर परिच्छेद मिटताना तोही मिटतो आणि गोष्ट तिथेच संपते. पण ठळक अक्षरांचा `<b>` उघडा राहिला तर ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक परिच्छेदात पुन्हा उघडतो. पानाचा उरलेला सगळा मजकूर जाड होतो. `<textarea>` किंवा `<title>` उघडा राहिला तर प्रकरण त्याहून गंभीर: त्यानंतरचे टॅग टॅग म्हणून वाचलेच जात नाहीत, नुसती अक्षरं होऊन आत जमा होतात. `<title>` मिटला नाही तर पान कोरं दिसतं. यावरून "मधलं पक्कं" या म्हणण्याला एक मर्यादा येते. तुकड्याच्या वर असा एखादा टॅग किंवा `<!--` उघडा राहिला असेल, तर आपण इतका वेळ मोजत बसलो ते `div` ब्राउझरच्या लेखी `div` नाहीतच. सचिवांच्या पानावर दोन्ही चौकटी प्रत्यक्ष दिसत आहेत, म्हणून ही शंका आपोआप मिटते. निदान करताना तक्रार आणि तुकडा दोन्ही लागतात ते यासाठी.

सगळ्यात जास्त दिशाभूल मात्र तुकडा कुठून कॉपी केला यामुळे होते. क्रोममध्ये पानावर राइट क्लिक केलं की दोन पर्याय दिसतात, `View page source` आणि `Inspect`. पहिल्यात सर्व्हरकडून आलेला मूळ मजकूर दिसतो. दुसऱ्यात ब्राउझरने वाचून, डागडुजी करून, स्क्रिप्टने बदल केलेच तर तेही धरून उभी केलेली रचना दिसते. `Inspect`मध्ये प्रत्येक उघडा टॅग नीट मिटलेला दिसतो, कारण तो ब्राउझरने स्वतः मिटवलेला असतो. तिथून कॉपी केलेल्या पूर्ण तुकड्यात "टॅग बंद नाही" ही चूक सापडणं जवळजवळ अशक्य. कुणी तिथला तुकडा पाठवून म्हणालं की "बघा, सगळे टॅग बंद आहेत", तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. पण तीच जागा दुसऱ्या कामाला फार चांगली: रणांगण कोसलाच्या आत आहे हे तिथे डोळ्यांनी दिसतं. कुणीही न लिहिलेले `<b>` परिच्छेदापरिच्छेदात उगवलेले दिसले तर ते कुठून सुरू झाले हेही कळतं. चुकीचा परिणाम `Inspect`मध्ये बघायचा आणि चुकीची जागा मूळ मजकुरात शोधायची.

आणखी एक बारीक गोष्ट, अवतरणचिन्हांची. तुकड्यात `class=“pustak”` अशी वळणदार चिन्हं दिसली तर लगेच दोष देऊ नका. ओळी वर्डमधून किंवा ईमेलमधून फिरून आल्या असतील तर सरळ चिन्हं वाटेतच वळली असतील आणि मूळ फाइल ठीक असेल. मूळ फाइलमध्येच ती तशी असतील तर मात्र ब्राउझर ती चिन्हं नावाचाच भाग समजतो, चौकटीचं नाव बदलतं आणि सीएसएस तिला ओळखत नाही. दोन्हींपैकी काय झालंय हे तुकड्यावरून कळत नाही, विचारावंच लागतं.

तुमच्यावर असा तुकडा पाठवायची वेळ आली तर चार गोष्टी सोबत द्या: पानाचा पत्ता, पान कसं दिसतंय याचा फोटो, ओळी मूळ मजकुरातून घेतल्या की `Inspect`मधून ते, आणि फाइल एक आहे की वरचा-खालचा भाग वेगळ्या फाइलींमधून येतो ते. ओळी निवडताना बिघडलेल्या जागेच्या आधीची, नीट दिसणारी एक पूर्ण चौकट आणि नंतरची एक चौकट धरून कॉपी करा; नुसती बिघडलेली ओळ उचलू नका. आणि उत्तर देणाऱ्याने "टॅग बंद नाही" एवढंच न म्हणता कोणत्या दोन ओळींच्या मध्ये काय हवं, त्याने कोणती तक्रार जाईल आणि कोणती जाईल याची खात्री नाही, हे सांगावं.